‘रेट कळवा’ येण्याआधी

दिवाळीच्या दोन-अडीच महिने आधी मोठ्या कंपन्यांच्या ॲडमिन विभागात एक ठरलेलं काम सुरू होतं: कर्मचाऱ्यांना यंदा काय द्यायचं? हे काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्याकडे तीन गोष्टी वरून ठरून आलेल्या असतात. माणसं किती, माणशी किती रुपये आणि कोणत्या तारखेच्या आत. वस्तू कोणती, एवढंच त्याने शोधायचं असतं. नेमक्या याच दिवसांत त्याच्या मेलबॉक्समध्ये अनोळखी विक्रेत्यांची पत्रं येऊन पडायला लागतात. सुकामेवा, चांदीची नाणी, पितळी समया, चॉकलेटं, घरगुती फराळ. पत्रात बाकी सगळं असतं. व्यवसाय कधी सुरू केला, तूप कसं शुद्ध, पॅकिंग कसं आकर्षक, आणि मालाचे सात फोटो. किंमत तेवढी नसते. तिच्या जागी एक वाक्य असतं, ‘दरांसाठी कृपया संपर्क साधावा.’

संपर्क कोणी साधत नाही. साधला तर उत्तर दोनच शब्दांचं येतं, ‘रेट कळवा.’

पहिल्या पत्रात भाव घालावा की घालू नये, यावर धंद्यातली माणसं अगदी हिरिरीने वाद घालतात. जुन्या वळणाचे लोक सांगतात, आधी माल दाखवा, मग भाव. दुकानात हे बरोबरच आहे. गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी आलेलं असतं, समोर बसलेलं असतं, साडीचा पदर हातात घेऊन बघत असतं. त्याला उठून जायला थोडा संकोचही वाटतो. अनोळखी माणसाला पाठवलेल्या मेलमध्ये यातलं काहीच नाही. वाचणाऱ्याने तुम्हाला बोलावलेलं नाही आणि पत्र मिटवायला त्याला अर्धा सेकंद पुरतो. त्या पत्रावरून तो खरेदी करणार नसतो. उत्तर द्यायचं की नाही, एवढंच तो ठरवत असतो. पहिल्या पत्रातल्या किमतीचा विचार या एवढ्याशा निर्णयाच्या संदर्भात करायला हवा.

फराळाचंच उदाहरण घेऊन हे नीट पाहू. समजा, डोंबिवलीत एक बाई चार मदतनिसांसह फराळाचा व्यवसाय करतात. सोसायट्यांच्या ऑर्डरी मिळतात, आता कंपन्यांकडे जायचं आहे. ऐरोलीतल्या एका कंपनीच्या ॲडमिन मॅडमचा ईमेल पत्ता त्यांना मिळालेला आहे. त्यांचा खोका पाऊण किलोचा: भाजणीची चकली दोनशे ग्रॅम, पातळ पोह्यांचा चिवडा अडीचशे, शंकरपाळी दीडशे आणि साजूक तुपातले सहा बेसन लाडू.

भाव लिहायला त्यांचा हात का अडतो? पहिली भीती अशी की आकडा बघूनच समोरचा पळेल. पळेलही. पण ज्या कंपनीचं बजेट माणशी तीनशे रुपये आहे, ती पाचशेच्या खोक्याला आज ना उद्या नाहीच म्हणणार आहे. फरक इतकाच की भाव न सांगता बोलणं पुढे गेलं, तर हा नकार दोन फोन, एक चक्कर आणि नमुन्याचा एक खोका खर्ची पडल्यावर येतो. दिवाळीच्या तोंडावर कढईपाशी उभ्या असलेल्या बाईला ही चैन परवडणारी नाही. दुसरी भीती प्रतिस्पर्ध्याला आपला भाव कळण्याची. त्याला तो कळायचा असेल तर तो गिऱ्हाईक बनून फोन करतो आणि पाच मिनिटांत काढून घेतो, त्यामुळे ही भीती सोडून द्यावी. तिसरी मात्र खरी आहे. आज लिहिलेला आकडा उद्या आपल्यालाच बांधून ठेवेल, आणि तो कमी निघाला तर? ही भीती लपवाछपवीने जात नाही, हिशेबाने जाते. तेव्हा आधी हिशेब.

एका खोक्याला सामान आणि गॅस मिळून २१५ रुपये धरू. मजुरी ६०. खोका, आतले डबे, रिबन, लेबल ७५. तुटलेल्या चकल्या, फुटलेले लाडू, वाया गेलेला घाणा, याचे १५. टेम्पोचं भाडं ३,००० रुपये आणि खोके दोनशे, म्हणजे प्रत्येकी १५. एकूण ३८० रुपये. यावर खोक्यामागे नव्वदेक रुपये सुटले तर दोन महिन्यांच्या धावपळीचं चीज होतं, म्हणजे विक्रीचा भाव ४७० च्या आसपास येतो.

इथे कंपन्यांना विकणाऱ्यांची एक सवय आड येते. कंपनीला पत्र लिहायचं तर ‘४७० रुपये अधिक जीएसटी’ असं लिहायचा प्रघात आहे. यंत्राचे सुटे भाग किंवा कच्चा माल विकताना तो योग्यही आहे, कारण घेणारी कंपनी भरलेल्या कराची वजावट स्वतःच्या करातून घेते आणि तिच्या लेखी किंमत ४७० च राहते. भेटवस्तूंची गोष्ट वेगळी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार भेट म्हणून दिलेल्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे कर हा त्या कंपनीचा खराखुरा खर्च असतो. ॲडमिन मॅडमच्या कागदावर ‘माणशी ५००’ लिहिलेलं असेल तर ते सगळं धरून ५०० असतं. त्यांना ४७० अधिक कर, अधिक पोहोच, अधिक पॅकिंग असं वाचायला लावलं, तर बेरीज त्यांनी करायची, आणि ती त्या करत नाहीत. सप्टेंबर २०२५ च्या दरबदलानंतर नमकीनवरही मिठाईसारखाच ५ टक्के कर आहे. त्या दराने ४७१ रुपये ४३ पैसे मूळ किंमत आणि २३ रुपये ५७ पैसे कर मिळून बरोबर ४९५ होतात. पत्रात हाच आकडा जायला हवा, ‘सर्व करांसह, ऑफिसपर्यंत पोहोच धरून’ या शब्दांसकट. (४९९ का नाही, असं कोणी विचारेल. हिशेबात बसतं, पण ४९९ वाचलं की चपलांच्या दुकानाची पाटी आठवते. कंपनीशी बोलताना ते टाळलेलं बरं.)

आता प्रश्न मर्यादेचा. एकच आकडा द्यावा की ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा? फराळाच्या खोक्यात चंचल गोष्ट एकच आहे, संख्या. खोके दोनशेऐवजी साठ झाले की टेम्पोचे तेच तीन हजार साठांवर पडतात. म्हणजे खोक्यामागे १५ ऐवजी ५० रुपये. खर्च ३८० चा ४१५ होतो आणि तेवढाच नफा ठेवायचा तर करासह किंमत ५३५ च्या आसपास जाते. तेव्हा पट्टा ४९५ ते ५३५ असा खराच आहे, हवेतला नाही.

पण पत्रात नुसतं ‘४९५ ते ५३५ रुपये’ लिहिलं तर काय होतं? घेणारा ४९५ वाचतो. विकणाऱ्याच्या मनात ५३५ असतात. दोघंही आपापल्या टोकाला धरून बसतात आणि पहिल्याच फोनवर ‘तुम्ही तर ४९५ म्हणाला होतात’ हे वाक्य येतं. खोटं कोणीच बोललेलं नसतं, तरी विश्वासाला तडा जातो. ‘४९५ पासून पुढे’ हे त्याहून वाईट, कारण त्यात वरचं टोकच नाही. वाचणारा एक तर ४९५ हीच किंमत समजतो, नाहीतर खरी किंमत भलतीच मोठी असणार असं गृहीत धरतो. पट्टा द्यायचाच तर दोन्ही टोकांना कारण बांधून द्यावं लागतं. कोणत्या संख्येला कोणता भाव आणि तो तसा का. मग तो पट्टा राहत नाही, दोन ओळींची दरपत्रिका होते, आणि वाचणारा आपली जागा आपणच शोधतो.

भाव सांगताना पट्टा द्यावा का, यावर कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल एम्स आणि मालिया मेसन यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पट्ट्यांचे तीन प्रकार वेगळे केले. विकणाऱ्याला ५०० हवे आहेत असं धरा. तो ‘५०० ते ५५०’ म्हणू शकतो, ‘४७५ ते ५२५’ म्हणू शकतो किंवा ‘४५० ते ५००’. त्यांच्या प्रयोगांत पहिल्या प्रकारच्या विक्रेत्याला, म्हणजे हवा तो आकडा खालच्या टोकाला ठेवणाऱ्याला, चांगला सौदा मिळण्याकडे कल दिसला, आणि तो हटवादी वाटला असंही नाही. तिसऱ्या प्रकारच्या विक्रेत्याने आपल्याच हाताने भाव पाडून घेतला. आपल्याकडचे बहुतेक नवखे व्यावसायिक तिसराच प्रकार करतात. मनात ५०० असतात आणि ‘बघा, साडेचारशे-पाचशेपर्यंत जाईल’ असं लिहून मोकळे होतात. मात्र या प्रयोगांचा रोख घासाघीस सुरू झाल्यावरच्या बोलण्यावर आहे. अनोळखी माणसाने पत्र उघडावं की नाही, यावर नाही. म्हणून त्यातून घ्यायचं ते एवढंच: पट्ट्याचं खालचं टोक हा असा आकडा असावा, ज्याला समोरचा लगेच ‘चालेल’ म्हणाला तरी तुम्हाला पस्तावा होणार नाही.

हे सगळं जमवून डोंबिवलीच्या बाईंचं पत्र कसं होईल ते पाहू. अशी पत्रं बहुधा इंग्रजीत जातात. इथे ते मराठीत देत आहे.

> विषय: कर्मचाऱ्यांसाठी दिवाळी फराळ, ऐरोली ऑफिसपर्यंत पोहोच
>
> नमस्कार मॅडम,
>
> डोंबिवलीत माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीला कर्मचाऱ्यांना देण्यासाठी आम्ही पाऊण किलोचा खोका करतो: भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी आणि साजूक तुपातले सहा बेसन लाडू.
>
> दोनशे किंवा अधिक खोक्यांसाठी एका खोक्याची किंमत ४९५ रुपये आहे. जीएसटी आणि तुमच्या ऑफिसपर्यंतची पोहोच यातच आली. मागणी साठ खोक्यांच्या आसपास असेल तर हाच खोका ५३५ रुपयांना पडतो, कारण टेम्पोचं भाडं कमी खोक्यांवर विभागलं जातं. खोक्यावर कंपनीचं नाव छापायचं असल्यास त्याचा खर्च वेगळा सांगते.
>
> हे दर ३० सप्टेंबरपर्यंत नक्की होणाऱ्या मागणीसाठी आहेत. साधारण किती जणांसाठी विचार आहे ते कळवलंत, तर नमुन्याचा खोका आणि लेखी कोटेशन पाठवते.
>
> आमचा जीएसटी आणि एफएसएसएआय क्रमांक खाली दिला आहे.

यात किंमत कुठे बसली आहे ते पाहण्यासारखं आहे. वस्तू आधी, किंमत लगेच तिच्या मागे. विषयाच्या ओळीत ती नाही, कारण तिथे आकडा दिसला की पत्र जाहिरातीच्या गठ्ठ्यात जातं. शेवटच्या ओळीतही नाही, कारण तिथवर कोणी पोहोचत नाही. ‘दरपत्रक सोबत जोडलं आहे’ असंही नाही. अनोळखी माणसाने जोडलेली फाइल उघडू नये असं कंपन्या आपल्या लोकांना सारखं बजावत असतात. किंमत मजकुरातच हवी, फोनच्या पडद्यावर फारसं न सरकवता दिसेल अशी.

आणि जे शब्द या पत्रात नाहीत, त्यांच्याकडेही बघायला हवं. ‘फक्त ४९५’ नाही, ‘अवघ्या’ नाही, ‘अत्यंत वाजवी’ नाही. वाजवी आहे की नाही ते ज्याचे पैसे जाणार तो ठरवतो. ‘दरांबाबत चर्चा करू’ नाही. आपल्या बाजारात या वाक्याचा अर्थ ‘कमी करून मिळेल’ असाच घेतला जातो, मग समोरचा कमी करून मागतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. ‘बेस्ट प्राइस देऊ’ तर नाहीच, कारण मग लिहिलेली किंमत बेस्ट नाही हे तुम्हीच कबूल केलंत. किंमत साध्या विधानासारखी यावी, वजनाच्या आकड्याइतक्या निर्विकारपणे. पाऊण किलो लिहिताना आपण ‘फक्त पाऊण किलो’ म्हणत नाही.

३० सप्टेंबरची ओळ मात्र मुद्दाम आहे. तूप, तेल, बेसन यांचे भाव सणाच्या आधी वर सरकतात, आणि खोक्याचा निम्म्याहून जास्त खर्च सामानाचा आहे. ऑगस्टमध्ये लिहिलेला भाव ऑक्टोबरच्या मध्यावर कोणी पुढे केला, तर काय करायचं? इथे ती तिसरी भीती पुन्हा डोकं वर काढते. किंमत लिहिली म्हणजे आपण कायद्याने बांधले गेलो का?

या प्रश्नावर एक जुना आणि मजेदार निवाडा आहे. जमैकातल्या बंपर हॉल पेन नावाच्या मालमत्तेसाठी हार्वी नावाच्या गृहस्थांनी फेसी यांना तार केली: विकाल का, आणि कमीत कमी रोख किंमत तारेने कळवा. फेसींचं उत्तर आलं, कमीत कमी किंमत ९०० पौंड. हार्वींनी लगेच तार ठोकली, मान्य, आम्ही ९०० ला घेतली. फेसी विकायला तयार होईनात, तेव्हा प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १८९३ मध्ये तिथे ठरलं की नुसती किंमत सांगणं म्हणजे विकण्याचा प्रस्ताव नव्हे. फेसींनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, ‘विकाल का’ या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलंच नव्हतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मडिकेरीच्या एका बंगल्याच्या प्रकरणात हाच सूर धरला. मालकाने ‘दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही’ अशी तार केली होती. समोरच्याने दहा हजार कबूल केले, तरी करार झाला नाही असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे पत्रातला दर हा बोलणं सुरू करायचं आमंत्रण ठरू शकतो, वाक्यरचना तशी असेल तर. ‘दोनशे खोके ४९५ दराने २० तारखेला पोहोचवू, होकार कळवा’ असं लिहिलंत तर तो प्रस्ताव झाला. समोरच्याने होकार कळवला की करार होतो आणि मग तुपाचा भाव तुमचा प्रश्न. वरच्या पत्रात ‘लेखी कोटेशन पाठवते’ हे शब्द आहेत, आणि दरांना तारीख आहे. पुढचा टप्पा वेगळा आहे हे त्यातून न बोलता कळतं. पानभर अटी-शर्ती डकवण्यापेक्षा या दोन ओळी जास्त उपयोगी पडतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. किंमत लिहूच नये असे धंदे कोणते? जिथे वाचणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येत नाही, ते. सहकारी बँकेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माहितीपट करून देतो, असं पत्र लिहिणाऱ्या तरुणाचं उदाहरण घ्या. माहितीपट म्हणजे अध्यक्षांच्या केबिनमधली एका दिवसाची मुलाखत आणि जुने फोटो, की दहा शाखांमध्ये फिरून, ड्रोन उडवून, संस्थापकांच्या गावी जाऊन केलेलं पंधरा दिवसांचं काम? पहिल्याचे दीड लाख होतील, दुसऱ्याचे बारा लाख. ‘दीड ते बारा लाख’ हा पट्टा लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्याहून वाईट म्हणजे बँकेच्या संचालकांना बारा लाख दिसतात आणि विषय तिथेच संपतो.

पण म्हणून त्याने ‘भेटीत बोलू’ म्हणून गप्प बसावं, असंही मला वाटत नाही. वाचणाऱ्याला आवाका कळायला हवा: हे हजारांतलं काम आहे, लाखांतलं की त्याच्याही वरचं? यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पूर्वी केलेल्या एका कामाचा खर्च, त्या कामाच्या तपशिलासह. ‘गेल्या वर्षी एका पतसंस्थेसाठी बारा मिनिटांचा माहितीपट केला. चित्रीकरण तीन दिवस, एकाच शहरात. संहिता, निवेदन आणि संपादन आमचंच. त्याला सव्वाचार लाख रुपये आणि कर असा खर्च आला. तुमच्या कामात शाखा किती आणि चित्रीकरणाचे दिवस किती, यावर आकडा वरखाली होईल.’ यात त्याने भाव सांगितलेला नाही, पण एक पक्का आकडा दिला आहे आणि तो कशाने हलतो तेही दाखवलं आहे. उत्तर देणारा आपोआप शाखांची संख्या घेऊन उत्तर देतो. अर्थात ज्याचं काम केलं, त्याचं नाव त्याला न विचारता आकड्याशेजारी लिहायचं नाही, हे सांगायला नको. आणि हा आकडा खरा हवा, कारण सहकार क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. एक फोन लागतो.

नवख्याकडे पूर्वीचं काम नसतं. त्याने संपूर्ण कामाचा भाव सांगण्याऐवजी एक छोटा, पूर्ण होणारा तुकडा विकायला काढावा: ‘संस्थापक सभासदांपैकी एकाची दोन तासांची मुलाखत चित्रित करून, संपादित करून देतो, चाळीस हजार रुपये, करासह.’ हा तुकडा दोघांच्याही डोळ्यांपुढे सारखाच येतो, म्हणून त्याला किंमत लावता येते. पुढचं मोठं काम त्यातून निघालं तर निघालं.

एका ठिकाणी मात्र पहिल्या पत्रात किंमत कटाक्षाने टाळायची: जिथे खरेदी निविदेने होते. सरकारी खाती, महापालिका, विद्यापीठं यांच्याकडे परस्पर पाठवलेल्या दराला काही अर्थ नसतो. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत तर तांत्रिक लिफाफ्यात चुकून किंमत लिहिली तरी निविदा बाद होते. तिथे पहिलं पत्र ओळख करून देण्यापुरतं आणि पुरवठादार म्हणून नोंद कशी करायची हे विचारण्यापुरतं ठेवावं. खासगी कंपनीतही पत्र ॲडमिनऐवजी थेट खरेदी विभागात गेलं, तर चित्र बदलतं. ॲडमिनच्या माणसाला वस्तू शोधायची असते. खरेदी विभागाला तीन कोटेशनं शेजारी मांडून सर्वांत कमीची निवड करायची असते. त्या तक्त्यात तुमचे ४९५ दुसऱ्याच्या ४२० शेजारी जाऊन बसतात, आणि त्याचा लाडू वनस्पती तुपातला आहे हे सांगायला तक्त्यात रकाना नसतो. म्हणून खरेदी विभागाला लिहिताना वजन, तुपाचा प्रकार, टिकण्याचे दिवस हे सगळं किमतीच्या त्याच वाक्यात लिहावं, म्हणजे आकडा उचलताना ते शब्दही उचलावे लागतात.

पत्रं गेल्यावर आपण बरोबर केलं की चूक, हे कसं ओळखायचं? मार्केटिंगची पुस्तकं सांगतात की निम्म्या पत्रांत किंमत घाला, निम्म्यांत नको, आणि कशाला जास्त उत्तरं येतात ते मोजा. हजारो पत्रं पाठवणाऱ्यांना ते ठीक आहे. डोंबिवलीच्या बाई चाळीस पत्रं पाठवणार. वीसातून दोन उत्तरं आणि वीसातून चार उत्तरं, यातला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. त्यावरून धोरण ठरवू नये. उत्तरं मोजण्याऐवजी ती वाचावीत.

‘रेट काय?’ असं पुन्हा पुन्हा येत असेल तर किंमत पत्रात असूनही दिसत नाही. ती लांब परिच्छेदात बुडाली आहे, नाहीतर ‘अधिक’ लावून तिची बेरीज वाचणाऱ्यावर टाकली आहे. ‘थोडं कमी होईल का?’ हे दोन-तीन ठिकाणांहून आलं तर बिचकायचं कारण नाही, आपल्याकडे तो शिष्टाचाराचाच भाग आहे. पण प्रत्येक उत्तरात तेच असेल तर पत्रात कुठेतरी सैल शब्द राहून गेला आहे, तो शोधावा. ‘आमचं बजेट साडेतीनशे आहे, काही होईल का?’ हे सगळ्यांत चांगलं उत्तर. समोरच्याने आपला कागद उघडून दाखवला आहे. अशा वेळी ४९५ चे ४५० करून चालत नाही. तसं केलं तर आधीचे ४५ रुपये वरचे होते असा अर्थ होतो, आणि पुढच्या दिवाळीला बोलणं ४५० पासून सुरू होतं. किंमत कमी करायची तर खोकाही लहान व्हायला हवा. लाडू सहाऐवजी तीन, शंकरपाळी नाही, डब्यांऐवजी पाकिटं, वजन अर्धा किलो. मग हिशेब नव्याने मांडून जो आकडा येईल तो सांगायचा, आणि आधीचा ४९५ चा खोका त्याच पत्रात खाली तसाच ठेवायचा. दोन्ही दिसू द्यावेत. बऱ्याचदा साडेतीनशेवाली कंपनी अधिकाऱ्यांसाठी वीस खोके मोठे मागते.

आणि काहीच उत्तर नाही आलं तर? त्याचा दोष लगेच किमतीवर टाकू नये. पत्र चुकीच्या माणसाला गेलं असेल, ऑर्डर गणपतीच्या आधीच कुणाला देऊन झाली असेल, ती मॅडम रजेवर असतील. आठवड्याने एक छोटं स्मरणपत्र पाठवावं आणि त्यात किंमत बदलू नये. पहिल्या पत्रात ४९५ आणि दुसऱ्यात न मागता ४६५ लिहिणारा विक्रेता हा तिसऱ्या पत्राची वाट बघायला समोरच्याला शिकवत असतो.